चार शेळ्यांचा खरा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या जोडीला काय करावे, असे विचारले की सल्ला देणारे लगेच सांगतात, शेळ्या पाळा. आपल्याला यात नवे काही नाही. तीन एकराच्या घरी दोन-चार शेळ्या दावणीला असतातच. पण त्यांचा हिशेब आपण कधी मांडत नाही. तो आज मांडू.

समजा, घरी चार उस्मानाबादी शेळ्या आहेत. शेळी पाच महिने गाभण राहते. सांभाळ बरा असला तर दोन वर्षांत तीन वेत देते, आणि या जातीत जुळी बरेचदा होतात. म्हणजे चौघींची मिळून वर्षाला सहा वेत, नऊ करडे धरू. त्यांतली दोन दगावली, एक पाट घरी ठेवली, सहा विकली. आठ-नऊ महिन्यांचे करडू १८ किलोचे आणि भाव किलोला ३५० रुपये धरला, तर ३७,८०० रुपये आले. आंबोण, औषध, लस आणि घरच्या तुरीच्या कुटाराची किंमत मिळून ९,००० खर्च धरू. उरले २८,८००.

आता आपण नेहमी विसरतो ती गोष्ट. शेळ्या राखणारी बहुतेक घरची बाई किंवा म्हातारा. रोजचे तीन तास धरले तर आठ तासांचे १३७ दिवस होतात. म्हणजे दिवसाला २१० रुपये पडले. हा नफा नव्हे, ही मजुरी आहे. आणखी दोन करडे मेली तर हीच मजुरी ११८ वर येते. म्हणून शेळ्या वाढवण्याआधी करडे जगवणे महत्त्वाचे.

पहिला महिना सर्वांत धोक्याचा. करडू जन्मले की तासाभरात त्याला चीक पाजा. जार पडायची वाट पाहू नका. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव लिटरच्या आसपास चीक तीन-चार वेळा मिळून पोटात जायला हवा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. जागा कोरडी ठेवा. ओल्यात बसलेले करडू ढाळते आणि दोन दिवसांत जाते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यातच टोचून घ्या. पहिल्या पावसाचा कोवळा चारा अधाशासारखा खाऊन संध्याकाळी धडधाकट असलेले जनावर सकाळी मेलेले दिसते, ते बहुधा याच रोगाने. पीपीआरची लस करडू चार महिन्यांचे झाले की द्या.

आपल्या ज्वारीच्या मुलखात दुसरा धोका किरळीचा. कोवळ्या ज्वारीत, ताण पडून खुरटलेल्या ताटात आणि कापणीनंतर बुडख्याला आलेल्या फुटव्यात विष असते. शेळी ते खाते, धापा टाकते, झोकांड्या खाऊन पडते. इलाज सुईचा आहे, तो डॉक्टरनेच करायचा, आणि त्याला पोचायला अनेकदा वेळच मिळत नाही. म्हणून फुटवे आलेल्या रानात शेळी सोडूच नका. वाळलेल्या कडब्याची ही भीती राहत नाही. पऱ्हाटीत मात्र शेवटच्या वेचणीनंतर जरूर सोडा. उरलेली हिरवी बोंडे शेळ्या खातात, त्यांतली बोंडअळीही जाते. फक्त तिथे नुकतीच फवारणी झालेली नाही ना, हे आधी पाहा.

आता विक्री. व्यापारी करडाच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, पंधरा किलो. आपण मान डोलावतो. ते १८ चे असले तर तीन किलो, म्हणजे १,०५० रुपये तिथेच गेले. सहा करडांचे ६,३०० झाले. वर मांडलेली २१० ची मजुरी त्या एका अंदाजाने १६४ वर आली! टांगता काटा आणि पोत्याची झोळी एवढ्यानेच हे थांबते. काटा पाच-सहा घरांनी मिळून घ्यावा. महिन्यातून एकदा वजन करून भिंतीवर लिहिले तर दुसराही फायदा आहे. ज्याचे वजन महिनाभर वाढले नाही त्याच्या पोटात जंत आहेत किंवा त्याला आंबोण कमी पडते, हे मरायच्या आधी कळते.

पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी सगळा गाव एकदम करडे काढतो आणि बाजार पडतो. ज्याला जमेल त्याने दोन करडे तरी महिनाभर आधी विकून बियाण्याचे पैसे बाजूला ठेवावेत.

आणि मर्यादाही सांगतो. चार शेळ्या आपल्या कुटारावर, कडब्यावर आणि बांधावरच्या पाल्यावर निघतात. दहा झाल्या की उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो आणि हा सगळा हिशेब उलटतो. कर्ज काढून चाळीस शेळ्या घ्यायला सांगणाऱ्याला आधी विचारा, मार्च ते जून त्या खातील काय?

पुढच्या बैठकीला येताना आपल्या घरच्या करडांची वजने लिहून आणा. ती राखणाऱ्या मायबहिणींनाही सोबत आणा. खरा हिशेब त्यांच्याजवळ आहे.