तीन फाशांचा हिशेब

जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नसेल तरी चालेल, आकडे मोजकेच आहेत.

जत्रेत एखाद्या पालाच्या आडोशाला चालणारा एक खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जमिनीवर कापड अंथरलेलं, त्यावर एक ते सहा आकड्यांची सहा घरं. तुम्ही एका घरावर रुपया ठेवायचा. खेळवणारा डब्यात तीन फासे खुळखुळवून पालथे घालतो. तुमचा आकडा एका फाशावर आला, तर तुमचा रुपया परत आणि वर एक रुपया. दोन फाशांवर आला तर वर दोन, तिन्हींवर आला तर वर तीन. कुठेच आला नाही, तर रुपया गेला. परदेशात याच खेळाला ‘चक-अ-लक’ म्हणतात. आकड्यांऐवजी चित्रं असली की तो ‘क्राउन अँड अँकर’ होतो.

खेळवणारा ओरडत असतो, “आकडे सहा, फासे तीन! निम्म्या वेळी तुम्हीच जिंकणार! आणि जोड आली तर दुप्पट!” ऐकणाऱ्याला हे पटतं. एका फाशावर आपला आकडा येण्याची संभाव्यता एक षष्ठांश. फासे तीन, म्हणजे तीन षष्ठांश, म्हणजे निम्मी. मग डाव बरोबरीचा, आणि जोडीचे पैसे वरकमाई. यात चूक कुठे आहे, ते आज पाहू.

डाव सरासरीने किती देतो किंवा घेतो, हे सांगणाऱ्या संख्येला अपेक्षित मूल्य म्हणतात. ते काढायची रीत साधी आहे. काय काय घडू शकतं त्याची यादी करायची. प्रत्येक गोष्टीत मिळणारी रक्कम तिच्या संभाव्यतेने गुणायची, तोटा असेल तर उणे धरून. मग सगळे गुणाकार मिळवायचे. पण ही बेरीज करण्याआधी दुसरी एक बेरीज करायची असते, नुसत्या संभाव्यतांची. ती बरोबर एक यायला हवी. एकापेक्षा कमी आली, तर काहीतरी यादीतून सुटलं. जास्त आली, तर काहीतरी दोनदा मोजलं गेलं.

तीन फासे पडण्याचे प्रकार सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६. फासे सच्चे असतील तर सगळे प्रकार सारख्याच संभवाचे. समजा, आपण चारवर रुपया लावला. चार कुठेच न येण्याचे प्रकार पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५. आता खेळवणाऱ्याच्या हिशेबाने चार येण्याचे प्रकार निम्मे, म्हणजे १०८. या दोहोंची बेरीज करा. २३३ येते! प्रकार मुळात २१६च आहेत. म्हणजे संभाव्यतांची बेरीज एकाच्या वर गेली, आणि काहीतरी दोनदा मोजलं गेलंय हे कळलं.

काय मोजलं गेलं? पहिल्या आणि दुसऱ्या, अशा दोन्ही फाशांवर चार आला, तर तो एकच डाव आहे. पण षष्ठांशांची बेरीज करताना तो पहिल्या फाशाच्या खात्यात एकदा आणि दुसऱ्याच्या खात्यात पुन्हा एकदा धरला गेला.

म्हणून यादी नीट करू. चार फक्त एका फाशावर आला: तो फासा कोणता, याचे तीन पर्याय, आणि उरलेल्या दोन फाशांवर पाच-पाच आकडे. तीन गुणिले पंचवीस, म्हणजे ७५. दोन फाशांवर आला: वेगळा पडलेला फासा कोणता, याचे तीन पर्याय, आणि त्यावर पाच आकडे, म्हणजे १५. तिन्हींवर आला: एकच प्रकार. कुठेच नाही: १२५. पंचाहत्तर, पंधरा, एक आणि एकशे पंचवीस, बेरीज २१६. संभाव्यता एकाला भरल्या, आता पुढे जायला हरकत नाही.

समजा, २१६ डावांत प्रत्येक प्रकार एकेकदा आला. एकेरी चारचे ७५ रुपये मिळाले. जोडीचे पंधरा दुणे तीस, तिहेरीचे तीन. एकूण १०८. गेले १२५. म्हणजे सतरा रुपये तोटा. सतराला २१६ने भागा: रुपयामागे उणे आठ पैसे, जवळजवळ. हेच या डावाचं अपेक्षित मूल्य.

इथे एक सावधगिरी. बेरीज एक आली म्हणजे हिशेब बरोबरच, असं नाही. ७५च्या जागी ६० आणि १५च्या जागी ३० लिहिलं असतं, तरी बेरीज २१६च आली असती. फाशाची एक बाजू जड असेल, तर तेही ही बेरीज सांगणार नाही. म्हणून तेच उत्तर दुसऱ्या बाजूने काढून पाहू.

समजा, सहाही घरांवर एकेक रुपया आहे. तीन फाशांवर तीन वेगळे आकडे पडले, तर खेळवणारा तीन घरांचे तीन रुपये उचलतो आणि उरलेल्या तिघांना तीन देतो. त्याला काहीच उरत नाही. असे प्रकार १२०. जोड पडली, तर चार घरं हरतात. तो चार उचलतो, जोडीवाल्याला दोन आणि एकेरीवाल्याला एक देतो, एक रुपया खिशात टाकतो. असे प्रकार ९०. तिन्ही फासे सारखे पडले, तर पाच उचलतो, तीन देतो, दोन ठेवतो. असे प्रकार सहा. एकशे वीस, नव्वद आणि सहा: पुन्हा २१६. त्याची कमाई नव्वद अधिक बारा, म्हणजे १०२. सहा घरांत वाटली की घरटी सतरा. उत्तर जुळलं. आणि एक गंमतही कळली: “जोड आली तर दुप्पट” असं तो ज्या जोडीचं कौतुक सांगत होता, तिच्यातूनच त्याची बहुतेक कमाई येते.

आता कुणी म्हणेल, “पण आमचा शेजारी तर जिंकून आला!” आला असेल. उणे आठ पैसे हा आकडा कुठल्याच एका डावात पडत नाही, ती पुष्कळ डावांची सरासरी आहे. दहा-दहा रुपये लावून शंभर डाव खेळणाऱ्याचा अपेक्षित तोटा सुमारे ७९ रुपये. पण शंभर डावांत नशिबाची वर-खाली त्याहून मोठी असते, साधारण ११० रुपयांची. त्यामुळे चौघांतला एखादा फायद्यात घरी जातो आणि गावभर सांगतो. खेळवणाऱ्याकडे मात्र जत्रेत असे दहा हजार डाव होतात. त्याची अपेक्षित कमाई सुमारे ७,९०० रुपये, आणि वर-खाली अकराशेच्या आसपास. त्याला नशिबाची गरजच पडत नाही.

शेवटी एक प्रश्न. हा डाव खरोखर बरोबरीचा करायचा, तर काय बदलावं लागेल? जोडीला दोनऐवजी तीन रुपये आणि तिहेरीला तीनऐवजी पाच द्या. पंचाहत्तर, अधिक पंधरा त्रिक पंचेचाळीस, अधिक पाच. मिळाले १२५, गेले १२५. अपेक्षित मूल्य शून्य. सहा घरांच्या बाजूनेही पाहा: जोड पडली तर चार उचलायचे आणि चार द्यायचे; तिहेरी पडली तर पाच उचलायचे आणि पाच द्यायचे. खेळवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. या दराने कापड अंथरणारा मात्र तुम्हाला जत्रेत सापडायचा नाही.