चार्ज दिला, पुढे काय?

(१९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचं आनंदी जीवन' असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यातल्या 'आनंदी' या शब्दाबद्दल मला पहिली दोन वर्षं काही माहीत नव्हतं, तेव्हा तेवढा शब्द काढा. त्यांनी काढला, म्हणून उभा आहे.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. नोकरीतली शेवटची वर्षं भुसावळ विभागातल्या एका लहान स्टेशनवर गेली. आमच्या कामात आठ तासांची पाळी संपली की नुसतं उठून जाता येत नाही. डायरीत चार्ज लिहून द्यावा लागतो. कोणत्या लाइनवर काय उभं आहे, कोणता सिग्नल बिघडला आहे, प्रायव्हेट नंबरचा शेवटचा आकडा कोणता दिला, चाव्या कुणाकडे आहेत, हे सगळं लिहायचं. पुढचा मास्तर वाचून सही करतो, मग आपण मोकळे. प्रायव्हेट नंबर म्हणजे शेजारच्या स्टेशनशी फोनवर बोलताना खूण म्हणून द्यायचा दोन आकडी नंबर. तो दिला-घेतला की नोंद पक्की होते. म्हणजे दिवसातून शंभर वेळा पलीकडून कुणीतरी मला विचारायचं, "लाइन क्लिअर?" आणि मी हो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

३१ मे २०२२ ला मी शेवटचा चार्ज दिला. शाल, श्रीफळ, हार झाले, पेन्शनची कागदपत्रं हातात आली. नाशिकरोडला घर घेऊन ठेवलं होतं, तिकडे सामान हलवलं. पहिला महिना पाहुण्यांत गेला. मग एके दिवशी लक्षात आलं की फोन वाजत नाही. वाजला तर तो कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचा असायचा.

तेव्हा मी काय करायला लागलो, ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी करत असेल तर ओळखता येईल. दुधवाला किती मिनिटं उशिरा आला, ते मी कॅलेंडरवर लिहायला लागलो. बायकोला विचारायचो, "कुकर साडेअकराला लागणार होता ना?" चार दिवस तिनं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, ही भाजी आहे, मालगाडी नाही. होईल तेव्हा होईल." पासबुक भरायला मी आठवड्यातून दोनदा बँकेत जायचो. त्यात नवीन नोंद नसायची. काउंटरवरचा मुलगा "काका, परवाच भरलं की" म्हणायचा. मला बोलायला माणूस हवा होता, पण ते मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. रात्रपाळीची सवय म्हणून पहाटे तीनला जाग यायची आणि दूरवरचा गाडीचा हॉर्न ऐकून मी मनात म्हणायचो, ही बारा मिनिटं लेट आहे. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मस्त चाललंय."

ऑगस्टमध्ये मी सहज म्हणून माझ्या स्टेशनवर गेलो. चहावाला 'मास्तर' म्हणून उठून उभा राहिला, बरं वाटलं. त्याच तोऱ्यात मी सरळ मास्तरांच्या खोलीत शिरलो. पॅनेलवर नवा तरुण मास्तर होता. तो नम्रपणे म्हणाला, "काका, जरा बाहेर बसता का? आत परवानगी नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. दारावर 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही' अशी पाटी होती, ती मीच रंगवून घेतली होती. परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो. साठ वर्षांचा माणूस, पण रडू आवरेना.

त्यावर उपाय म्हणून मी एक चूक केली. नवी खुर्ची शोधली. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि सोसायटी स्टेशनसारखी चालवायला लागलो. पाण्याच्या टाकीची नोंदवही, वॉचमनची दर तासाला सही, गाडी रेषेबाहेर लावली की नोटीस. सहा महिन्यांत लोक मला लिफ्टमध्ये बघून जिन्यानं जायला लागले. तेव्हा कळलं की माझ्या हुकमाची माणसांना गरज नव्हती. स्टेशनवर ती गरज गाड्यांमुळे होती, माझ्यामुळे नव्हती. मी राजीनामा दिला. कुणी आग्रह केला नाही.

पुढचं अगदी योगायोगानं घडलं. त्या नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. पेन्शनरांना तो दरवर्षी द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्यापुढे एक म्हातारा गँगमन होता. आयुष्यभर रुळांवर घण आणि पहार चालवलेला. त्यानं मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणालं जुळत नाही. दुसरं बोट, तेही नाही. दहाही बोटं झाली. बोटांच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. तो मला म्हणाला, "साहेब, मी जिवंत हाय, पण ह्याला पटंना."

मित्रांनो, त्या क्षणी वाटलं, माझंही हेच चाललंय. फरक इतकाच की त्याला मशीन ओळखत नव्हतं आणि मला मीच ओळखत नव्हतो.

हाच दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे मी वाचलं होतं. तिथेच बाकावर बसून दोघांनी खटपट केली. दोनदा फसलं, कारण पाठीमागून ऊन येत होतं. भिंतीकडे सरकलो आणि झालं. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना घेऊन आला.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ११ ते १ मी त्याच बाकावर असतो. जास्त काम विधवा बायकांचं असतं. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीची जन्मतारीख नसते, किंवा नाव आधारवर एक आणि कागदावर दुसरं असतं. नवरा असताना कुणी ते बघितलेलं नसतं आणि तो गेल्यावर कुटुंब पेन्शन अडकते. आज घरी गेल्यावर तुमचे कागद काढा आणि जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, जोडफोटो तपासा. दुरुस्ती आपण हयात असताना सोपी असते.

तिथे मला खुर्ची नाही, पाटी नाही, शिक्का नाही. पण एखाद्या मंगळवारी गेलो नाही, तर "मास्तर का आले नाहीत?" असं कुणीतरी विचारतं. निवृत्तीनंतर माझं नेमकं काय हरवलं होतं, ते मला इतक्या उशिरा कळलं. अधिकार गेला, तो जाणारच होता आणि त्याच्या मागे लागून मी फक्त शेजारी गमावले. मला कुणीतरी ठरलेल्या वेळी वाट पाहायला हवी होती. तेवढं पुन्हा उभं करता आलं, तेही आठवड्यातून चारच तास.

सगळं मिटलंय असं नाही. दुपारी चार वाजता, पाळी बदलायच्या वेळेला, अजून पोटात कालवतं. तेव्हा मी बायकोबरोबर चहा घेतो आणि ते तिला सांगतो. पहिल्या दोन वर्षांत सांगितलं असतं, तर तिचेही दिवस सुखाचे गेले असते. एवढी एक गोष्ट मला बदलता आली असती.

आणि आज सकाळी शाळेच्या फाटकातून आत येताना मागून कुणीतरी 'ए बारक्या' अशी हाक मारली. इतक्या वर्षांनी! मी मास्तर होण्याच्या आधीही कुणीतरी होतो, याचा पुरावा इथे बसलेला आहे. म्हणून वर्षातून एकदा भेटणं पुरत नाही. आपल्या वर्गातलं जो कुणी या वर्षी निवृत्त होतंय, त्याला किंवा तिला दुसऱ्या महिन्यात फोन करा. पहिल्या महिन्यात हार ताजे असतात.

माझी वेळ संपली. लाइन क्लिअर आहे, सिग्नल ठीक आहेत. पुढच्या वक्त्यांना चार्ज देतो.