ओ काका, ओ मावशी



सरकारी रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमाराला केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहिलं, की अख्खा गोतावळा कानांवर पडतो. ‘ओ काका, लाइन तिकडून आहे.’ ‘आजी, आधार कार्ड आणलंय का?’ ‘मामा, एक व्हीलचेअर आणा.’ ‘मॅडम, तुमचा नंबर झाला.’ एकमेकांना जन्मात न पाहिलेली ही सगळी माणसं. मी अशाच एका रुग्णालयाच्या मदत कक्षात बसते आणि नव्यानं येणाऱ्या स्वयंसेवक मुलामुलींना काम समजावून देते. एक्स-रे कुठं काढतात, औषधांची खिडकी कुठली, रक्त-लघवीचे नमुने कुठं द्यायचे, हे ती पटकन शिकतात. अडतात ती पहिल्या शब्दावर. समोर पासष्टीचा एक माणूस हातात कागद घेऊन भांबावून उभा आहे. त्याला मदत तर करायची आहे, पण हाक काय मारायची?

मुलांना वाटतं, हाक वयावरून ठरते. थोडा वेळ बाजूला उभं राहून ऐका म्हटलं की त्यांच्याच लक्षात येतं, ती कपड्यांवरून ठरते. एकाच रांगेत साधारण एकाच वयाचे तीन पुरुष असतात. धोतर-टोपीवाल्याला ‘बाबा’ म्हणतात, पँट-बुशशर्टवाल्याला ‘काका’, आणि इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन असेल तर ‘सर’. बायकांचंही तेच. नऊवारी दिसली की ‘आजी’, साधी पाचवारी असली की ‘मावशी’, पंजाबी ड्रेस आणि खांद्याला पर्स असली की ‘मॅडम’. कोणाच्या मनात वाईट नसतं. पण रांगेतल्या माणसांना हे ऐकू येत असतं. आपल्या पुढच्याला ‘सर, या’ आणि आपल्याला ‘बाबा, सरका’, हे टोपीवाल्याला कळत नाही असं समजू नये. म्हणून मुलांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की कपडे झाकून वयाकडे बघा आणि एका वयाला एकच हाक ठेवा.

मग एकच हाक म्हणून सगळ्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ का म्हणू नये? असं म्हणण्यात सोय आहे खरी. त्यात वय येत नाही, नातं येत नाही, कोणी रागवायची भीती नाही. बँकेत, विमानतळावर ते चालूनही जातं. पण आमच्या खिडकीपाशी तालुक्यावरून पहाटेच्या गाडीनं आलेल्या शेतकऱ्याला ‘सर’ म्हटलं, तर तो मागं वळून बघतो, साहेब कुठले आले म्हणून. त्यातून आपल्याकडे ‘सर’ म्हणजे आधी शाळेतले सर, मग कचेरीतले. या दोघांपुढं माणूस प्रश्न विचारायला कचरतो. आणि आमच्या कामात त्यानं प्रश्न विचारायला हवा असतो. निवृत्त मामलेदार किंवा मुख्याध्यापक ‘सर’ म्हटल्यावर खुलतात, तिथं जरूर म्हणावं. सरसकट नको.

पुरुषांच्या बाबतीत ‘काका’वर भागतं. पश्चिम महाराष्ट्रात ‘मामा’, ‘अण्णा’, ‘तात्या’ सहज म्हणतात, विदर्भात ‘भाऊ’ किंवा ‘काकाजी’. ज्याच्या जिभेवर जे असेल ते त्यानं म्हणावं, उसनं आणू नये. ‘मामा’ला मात्र रुग्णालयात एक अडचण आहे. आमच्याकडे वॉर्डबॉयला मामा म्हणतात. आणि सफाईच्या, आयाच्या कामावरच्या बाईंना मावशी. नर्स तेवढ्या सिस्टर. हे इतकं रुळलेलं आहे, की व्हरांड्यात ‘ओ मावशी’ अशी हाक मारली तर कामावरच्या दोघी-तिघी वळून बघतात, आणि जिला मारलेली असते ती पेशंट बाई मात्र बघत नाही. बघितलंच, तर तिच्या मनात येतं, मला कामवाली समजले की काय. मावशी म्हणजे आईची बहीण, त्याहून जवळचं कोण? तरी घरकामाला येणाऱ्या बायकांना सरसकट मावशी म्हणून म्हणून आपण त्या हाकेला एक पायरी खाली आणून बसवलं आहे. त्या कामाला कमी लेखणं हे आपलं पाप, पण त्याचा निवाडा केसपेपरच्या रांगेत होत नाही.

मग ‘काकू’? त्यातही एक खोच आहे. काका रक्तानं असतो, काकू लग्नानं होते. काकू म्हटलं की कुठंतरी एक काका गृहीत धरला जातो. ज्यांनी लग्न केलं नाही, किंवा ज्यांचा नवरा नुकताच गेला आहे, त्यांना ते टोचू शकतं. भाजीवाल्यांच्या ‘वहिनी’चंही तसंच. (आत्या ही बापाची सख्खी बहीण, पण अनोळखी बाईला ‘ओ आत्या’ म्हणून कोणी हाक मारत नाही. बारशात नाव ठेवायचा मान जिचा, तो असा रस्त्यावर कोण वाटणार!) म्हणून बायकांसाठी मी ‘ताई’ ठरवून टाकलं आहे. विशीतल्या मुलानं साठीच्या बाईला ताई म्हणावं, हे आधी मुलांना विचित्र वाटतं. पण ताईला नवरा लागत नाही, कपडे लागत नाहीत, वयही फारसं लागत नाही. अंगणवाडी ताई, आशा ताई, सभेतल्या पुढारी ताई, अशी ती हाक सगळीकडे फिरून आलेली आहे. आपल्याला वाटतं त्याहून एक पिढी अलीकडची हाक मारली, तर सहसा कोणी रागवत नाही. एक पिढी पलीकडची मारली, की चेहरा बदलतो.

‘आजी’, ‘आजोबा’ या हाकांशी म्हणूनच जपून. एसटीत ‘आजोबा’ म्हटल्यावर सहसा कोणी वाईट वाटून घेत नाही, त्याचं कारण उघड आहे. पासष्ट पूर्ण झाली की अर्धं तिकीट, आणि २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. तिथं वय सिद्ध करायला माणूस स्वतःच आधार कार्ड पुढं करतो. आमच्या खिडकीवर आजोबा होण्यात कसलीच सवलत नाही. उलट, मदत पुढं करण्यातच ‘तुम्हाला हे जमत नाहीये’ असं थोडंसं बोलून झालेलं असतं. त्यावर ‘आजोबा’ म्हणजे त्याच वाक्याखाली दोन रेघा ओढण्यासारखं. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत आलेल्या बाई समोरून ‘बाळा, जरा बघ रे’ म्हणाल्या, तर खुशाल आजी म्हणावं. त्यांनी नातू केल्यावर आजी म्हणायला काय हरकत?

आता एक बारीक गोष्ट. मदतीला धावलेली मुलं पुरुषाला म्हणतात, ‘काका, तुम्ही बसा.’ आणि लगेच शेजारच्या बाईला म्हणतात, ‘आजी, तू बस इथं.’ हे त्यांच्या लक्षातही येत नाही. कारण घरात आपण काकांना, आजोबांना तुम्ही म्हणतो, आणि आई, आजी, मावशी, ताई यांना तू. नात्याची हाक आली, की तिच्या पाठोपाठ घरातलं क्रियापद आपोआप येतं. घरात त्या ‘तू’मध्ये माया असते. अनोळखी बाईला ते वेगळं लागतं, आणि नवरा शेजारी उभा असून त्याला ‘तुम्ही’ मिळालेलं असेल, तर जास्तच लागतं. म्हणून हाक ताई असो की आजी, क्रियापद ‘बसा’, ‘द्या’, ‘या’ असंच. ‘आपण’ची गरज नाही. ‘आपण बसावं’ म्हटलं, की समारंभात आल्यासारखं वाटतं.

एक उदाहरण सांगते. साधारण पासष्टीच्या बाई, नऊवारी नेसलेल्या, खिडकीपासून चार पावलांवर उभ्या आहेत. हातातला कागद कधी डोळ्यांजवळ, कधी लांब धरून बघताहेत. चष्मा विसरला असावा, किंवा वाचता येत नसावं. दोन्ही आपण बोलून दाखवायचं नाही. बरोबर पंचविशीचा भाचा, फोनवर. इथं दहातले आठ जण भाच्याकडे जातात आणि विचारतात, ‘यांना काय होतंय? आजींना बाकावर बसवा ना.’ म्हणजे बाई समोर उभ्या, आणि त्यांच्याविषयी बोलणं चाललंय तिसऱ्याशीच. हाक कितीही गोड असली तरी इथं ती वाया गेली.

त्याऐवजी बाईंच्या समोरून यायचं, पाठीमागून नाही. ऐकू कमी येत असेल, तर मागून आलेली हाक त्यांना दचकवते. दंडाला धरायचं नाही. आवाज चढवायचा नाही, सावकाश बोलायचं. ‘ताई, नमस्कार. मी इथल्या मदत कक्षातली. कुठं जायचंय तुम्हाला?’ एवढं बोलून थांबायचं. हे थांबणं मुलांना सगळ्यात अवघड जातं. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार असतं, ‘द्या इकडे, मी भरते फॉर्म.’ थांबल्यावर बाई म्हणतात, ‘डोळ्यांचं दाखवायचंय गं, इथं काय लिवलंय?’ त्यांनी ‘गं’ म्हटलं, तुम्हाला लेक केलं. आता कागद मागायला हरकत नाही, आणि त्या कागदावर त्यांचं नावही आहे. शिंदे आडनाव असेल, तर यापुढं त्या ‘शिंदेताई’. काहींना पहिली हाकच पटत नाही. एखाद्या बाई म्हणतील, ‘ताई कसली, आजी म्हण.’ एखादे गृहस्थ म्हणतील, ‘काका नको, मला सगळे अप्पा म्हणतात.’ तसं झालं तर लगेच तेच म्हणायचं, माफी मागत बसायचं नाही. काही जण काहीच बोलत नाहीत, नुसते आखडतात. उत्तर तुटक येतं, कागद छातीशी जातो, नजर खिडकीकडे वळते. मग नातं सोडून द्यायचं आणि नुसतं ‘अहो, एक नंबरच्या खोलीत जावं लागेल’ म्हणायचं. ‘अहो’त नातंही नाही आणि उद्धटपणाही नाही.

राहिली वारीची गोष्ट. आषाढात दिंडीतल्या वारकऱ्यांपैकी कोणी पायाला फोड आला म्हणून आमच्याकडे येतं, तेव्हा हा सगळा घोळ संपलेला असतो. ते आम्हाला माउली म्हणतात, आम्ही त्यांना माउली म्हणतो. बाई-पुरुष, लहान-थोर, डॉक्टर-वॉर्डबॉय सगळ्यांना एकच हाक. पण एरवी मार्च महिन्यात रांगेतल्या माणसाला माउली म्हटलं तर तो चमकून बघेल.

शेवटचं काम असतं शिंदेताईंना डोळ्यांच्या विभागापर्यंत पोचवण्याचं. तिथं दाराशी सोडताना बहुतेक मुलं सिस्टरना सांगतात, ‘हा एक पेशंट आलाय.’ मी त्यांना सांगते, तिथंच नाव घेऊन सांगा, ‘सिस्टर, या शिंदेताई. चष्मा घरी राहिलाय, बोर्ड वाचायला त्रास होईल.’ सिस्टर कामात असतात, मान वर न करता हात करतात. पण थोड्या वेळानं आतून पुकारा होतो तो ‘शिंदेताई, या आत’ असा, आणि बाकावरच्या बाकीच्या शिंद्यांपैकी कोणी उठत नाही.