भाव शंभर ग्रॅमचा विचारा

पुड्यामागची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हल्ली बरेच जण मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहतात. छान करता. पण मंडळी, फोटोत नुसते आकडे नकोत, वरची मथळ्याची ओळही हवी. कुठला रकाना शंभर ग्रॅमचा आणि कुठला एका सर्व्हिंगचा, हे त्याच ओळीत असतं.

भाजीवाल्याकडे एक जण पावशेराचा भाव सांगतो, दुसरा अर्ध्या किलोचा. आपण लगेच म्हणतो, किलोचा सांगा! मग शेवेच्या पुड्याला हे का विचारत नाही?

समजा, दोन पुडे आहेत. पहिल्यावर एका सर्व्हिंगला सोडियम १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यावर १९५. पहिला बरा वाटतो ना? पण पहिल्याचं सर्व्हिंग १५ ग्रॅमचं आहे, दुसऱ्याचं ३० ग्रॅमचं. सर्व्हिंग केवढं, ते कंपनी ठरवते. शंभर ग्रॅमला पहिल्यात ८०० निघतात, दुसऱ्यात ६५०. खारट पहिलाच!

आता भाव कळला, पण पिशवीत माल किती घेतला? पंधरा ग्रॅम शेव म्हणजे जेमतेम मूठभर. पहिल्या पुड्यातली वाटीभर, म्हणजे साठ ग्रॅम खाल्ली, तर सोडियम झालं ४८०. त्याला अडीचने गुणा: बाराशे मिलिग्रॅम, सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची, आणि जेवण अजून व्हायचंय. पुड्यावर मात्र ‘६ टक्के’ छापलेलं, कारण तो हिशेब पंधरा ग्रॅमचा! म्हणून पुन्हा सांगते, दोन पुडे ताडून पाहायचे तर शंभर ग्रॅमचा रकाना. पोटात किती गेलं ते पाहायचं तर आपल्या वाटीचं वजन.

साखरेचंही तसंच. बिस्किटाच्या चकचकीत कागदावर उजेड पडला की फोटोत दशांशाचं टिंब पुसलं जातं. शंभर ग्रॅमला साखर २.५ की २५? शेजारच्या रकान्याला विचारा. बारा ग्रॅमच्या सर्व्हिंगला साखर तीन ग्रॅम असेल, तर तिनाला बारांनी भागून शंभराने गुणा. पंचवीस! हा ताळा जुळला नाही तर फोटो पुन्हा काढा, पुडा सपाट धरून. आणि एका पुड्याची एकूण साखर दुसऱ्याच्या वरून घातलेल्या साखरेशी ताडू नका. दुधाच्या पदार्थात दुधाची स्वतःची साखर एकूण साखरेत मोजलेली असते.

वेळ संपत आली, पण लोणच्याचं सांगायलाच हवं. तिथे शंभर ग्रॅमचा आकडा पाहून घाबराल. लोणचं आपण शंभर ग्रॅम खात नाही, एक फोड खातो. तिथेही दोन बरण्या ताडायला शंभराचाच रकाना, पण पानातल्या मिठाचा हिशेब त्या फोडीच्या वजनावर. आणि सुपाच्या पाकिटावर तर कोरड्या भुकटीचा आकडा आहे की तयार सुपाचा, हे आधी… त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.