वही आणि तारे

आमच्या बचत गटातल्या दोघी हमरस्त्यावरच्या एका खानावळीत भाकऱ्या थापतात. त्या खानावळीला गिऱ्हाईक गूगल मॅप्सवर किती तारे देतं, याची वही आम्ही ठेवतो आणि दर सोमवारी मालकांना चार ओळींची चिठ्ठी देतो. ते काम कसं करतो, ते आज सांगतो.

खानावळीच्या नावाखाली ४.३ असा आकडा दिसतो. ती आजवरच्या सगळ्या ताऱ्यांची सरासरी. मालक रोज तोच आकडा बघायचे आणि म्हणायचे, "सगळं ठीक आहे." पण ४१२ जणांच्या सरासरीत दहा नवीन माणसं म्हणजे रांजणात तांब्याभर पाणी. म्हणून आम्ही त्या आठवड्याचे तारे वेगळे काढतो.

सोमवारी सकाळी, ठरल्या वेळी, अभिप्रायांची यादी 'सर्वात नवीन' या क्रमाने लावतो. तिथे तारीख नसते, 'तीन दिवसांपूर्वी', 'एका आठवड्यापूर्वी' असं लिहिलेलं असतं. वार चुकला की हिशेब सरकतो. वरून खाली जात, मागच्या सोमवारी जिथे थांबलो तिथपर्यंत प्रत्येकाचे तारे आणि तक्रार लिहितो. माणसाचं नाव लिहीत नाही. मालकांनी आम्हाला त्या पानाचं व्यवस्थापक म्हणून जोडलं आहे, त्यामुळे त्यांचा पासवर्ड लागत नाही.

मग पडताळा. वर दिसणारी एकूण संख्या ४१२ वरून ४२२ झाली आणि आमच्या वहीतही दहाच नवीन नोंदी असल्या, की जुळलं. नाही जुळलं तर एखादा जुना अभिप्राय काढला गेलेला असतो, किंवा कुणी आपला जुना अभिप्राय बदललेला असतो आणि तो नव्यासारखा वर आलेला असतो. त्यावर 'संपादित' असं लिहिलेलं दिसतं. तो आम्ही नव्यात मोजत नाही, वेगळा लिहितो.

आता एका आठवड्याचा हिशेब ऐका. तिघांनी पाच, दोघांनी चार, एकाने तीन, दोघांनी दोन आणि दोघांनी एक तारा दिला. बेरीज ३२, माणसं १०, सरासरी ३.२. आधीच्या चार आठवड्यांची सरासरी होती ४.४. एवढी घसरण झाली, तरी खानावळीच्या नावाखाली ४.३ च दिसत होतं!

त्याच आठवड्यात कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं, "भाकरी गार." तेवढंच मालकांच्या नजरेस पडलं आणि ते म्हणाले, "भाकरीवाल्या बदलाव्या लागतील." आम्ही वही पुढे केली. तीन किंवा कमी तारे देणारे पाच जण होते. भाकरीबद्दल एकानेच लिहिलं होतं. तिघांनी लिहिलं होतं, रविवारी दुपारी ताट यायला फार वेळ लागला. पाचव्याने काहीच लिहिलं नव्हतं. आम्ही चिठ्ठी दिली ती अशी:

"या आठवड्यात १० अभिप्राय, सरासरी ३.२. आधीच्या चार आठवड्यांची ४.४. मुख्य तक्रार रविवारी दुपारचा उशीर, तिघांची. भाकरी गार, एकाची. माणसं थोडी आहेत, पण रविवारी दुपारी स्वतः बघून घ्यावं."

मालकांनी पुढच्या रविवारी उभं राहून बघितलं. वाढायला एकच मुलगा होता. भरलेली ताटं ओट्यावर पडून राहत होती आणि भाकरी तिथेच गार होत होती. त्यांनी रविवारपुरता आणखी एक मुलगा ठेवला. त्यानंतरच्या आठवड्यात आठ अभिप्राय आले, बेरीज ३३, सरासरी साधारण ४.१. आम्ही लिहिलं, "सुधारणा दिसते, पण आठ जणांवरून नक्की म्हणता येत नाही. आणखी तीन आठवडे बघू." कारण आठांपैकी एकाने पाचाऐवजी एक तारा दिला, तर सरासरी अर्ध्या ताऱ्याने खाली येते. असा एखादाच रागावलेला माणूस घसरण दाखवू शकतो. म्हणून एका आठवड्याची तुलना नेहमी आधीच्या चार आठवड्यांशी करायची, आणि किती माणसांचा आकडा आहे ते शेजारी लिहायचंच.

अजून एक गोष्ट. मालक एकदा म्हणाले, "पाच तारे देणाऱ्याला ताक फुकट देऊ." आम्ही नको म्हटलं. काही देऊन अभिप्राय मिळवणं गूगलच्या नियमात बसत नाही. शिवाय ताकासाठी दिलेले तारे वहीत आले, तर रविवारी काय बिघडलं ते कळणार कसं? आपणही आपल्या घरच्यांकडून तारे टाकायचे नाहीत, ते याचसाठी.

आमच्या दोघी अजून तिथेच भाकऱ्या थापतात. वही मालकांच्या गल्ल्याशेजारी असते, आणि सोमवारची चिठ्ठी ते आधी वाचतात, मग फोन उघडतात.