एकच जंगल, तीन कागद

(पिंपळे गुरवच्या एका शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मला बोलायला बोलावलं होतं. वर्गात आंबेगाव, जुन्नर, खेडकडची बरीच पोरं होती. आईबाप इकडं कामाला आले आणि इथंच राहिले, अशा घरांतली. गावच्या साथींनी मागितलं म्हणून जे बोललो ते लिहून काढलंय.)

पोरांनो, तुमच्या पुस्तकात आज संघराज्याचा धडा आहे. केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. बाईंनी सांगितलं की तिन्ही सूच्या तुम्हाला पाठ आहेत. मी बारावीपर्यंतच शिकलोय, पण या सूच्या मी वेगळ्या वाटेनं शिकलो. आजोबांच्या वनजमिनीच्या दाव्याची फाईल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना. म्हणून मी फाईलवरूनच सांगतो.

आधी इथलं बघा. दापोडीला रस्त्याच्या कडेनं लष्कराची लांबलचक भिंत आहे. संरक्षण हा विषय केंद्राचा, तिथं मुंबईचं काही चालत नाही. त्याच रस्त्यावर उभा असलेला पोलीस मात्र राज्याचा. तुमच्या नळाला येणारं पवना धरणाचं पाणी राज्याचा विषय. महानगरपालिकेचा कायदासुद्धा राज्यच करतं. घटना झाली तेव्हा केंद्राच्या यादीत 97 विषय होते, राज्याच्या यादीत 66 आणि दोघांच्या सामाईक यादीत, म्हणजे समवर्ती सूचीत, 47.

आता विचारतो, जंगल कोणाच्या यादीत?

वर्गात दोन हात वर झाले. एकानं सांगितलं राज्य, एकीनं सांगितलं समवर्ती. दोघंही बरोबर होते, फक्त साल वेगळं. 1950 साली जंगल राज्याच्या यादीत होतं. म्हणून 1975 साली महाराष्ट्रानं खाजगी वनं ताब्यात घ्यायचा कायदा केला तो राज्याचा कायदा होता. मग आणीबाणीत 42 वी घटनादुरुस्ती झाली, 1976 ची. तिच्यानं जंगल राज्याच्या यादीतून काढून समवर्ती सूचीत घातलं. 3 जानेवारी 1977 पासून ते लागू झालं. वन्य प्राणी-पक्षी तेव्हाच गेले. आणि गंमत म्हणजे शिक्षणही त्याच दुरुस्तीत गेलं. तुमची शाळा आणि आमचं जंगल एकाच दिवशी एका यादीतून दुसऱ्या यादीत गेलंय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या याद्या बदलायच्या तर संसदेत मतदान होऊन भागत नाही, निम्म्या तरी राज्यांच्या विधिमंडळांनी होकार द्यावा लागतो. म्हणजे दिल्लीनं मागितलं आणि राज्यांनी दिलं. हे पुस्तकात कोपऱ्यात छापलेलं असतं, पण मला ते महत्त्वाचं वाटतं.

समवर्ती म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो. दोघांचे कायदे एकमेकांना आडवे गेले तर केंद्राचा टिकतो. राज्यानं आपल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी घेतली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो. एवढा नियम पुरे. आता तो जंगलात कसा चालतो ते बघू. गावाशेजारचं एक राखीव जंगल डोळ्यासमोर आणा. सातबाऱ्यावर मालक महाराष्ट्र शासन, वनविभाग. त्या एकाच जंगलातल्या जागेसाठी तीन जण अर्ज करतात, आणि तिघांचे कागद तीन वाटांनी जातात.

पहिला अर्ज एका कंपनीचा. तिला जंगलातून रस्ता पाहिजे. जमीन राज्याची आहे, तर राज्यानं परवानगी दिली की झालं, असं वाटेल. 1980 पर्यंत तसंच होतं. 1980 ला संसदेनं वन संवर्धन कायदा केला. राखीव जंगलाची जागा दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्यानं आधी केंद्राची मंजुरी घ्यायची, असं त्यात आलं. 2023 ला त्या कायद्याचं नाव बदललं, काही ठिकाणी सूट वाढवली, पण ही अट आहेच. म्हणून कंपनीचा कागद वनविभागातून मंत्रालयात जातो, राज्य शिफारस करतं, मग तो केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडं जातो. तिथून आधी तत्त्वतः मंजुरी येते, अटींसकट. झाडं दुसरीकडं लावा, जंगलाची किंमत भरा. अटी पुऱ्या झाल्या की अंतिम मंजुरी. आणि त्यानंतरही शेवटचा आदेश राज्यच काढतं. केंद्र नाही म्हणालं तर राज्याला देता येत नाही. केंद्र हो म्हणालं तरी राज्यावर देण्याची सक्ती नाही. जमिनीला मालक एक, पण कुलपं दोन.

दुसरा अर्ज आपल्या वाडीचा. अंगणवाडीला खोली पाहिजे आणि मोकळी जागा आहे ती वनविभागाची. कितीतरी गावांत ग्रामसेवक सांगतो, "जागा फॉरेस्टची आहे, दिल्लीहून परवानगी लागेल," आणि विषय तिथंच संपतो. हे चूक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 चं पोटकलम 2 वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, रस्ता, वीज अशी तेरा कामं तिथं लिहिलीत. जागा एक हेक्टरपेक्षा कमी पाहिजे, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एवढं असलं की 1980 च्या कायद्याची दिल्लीची वाट या कामाला लागत नाही. जिल्ह्यातल्या वनअधिकाऱ्याच्या पातळीवर निकाल होतो. म्हणजे केंद्रानंच कायदा करून स्वतःची सही काढून घेतली आणि तिच्या जागी ग्रामसभेचा ठराव ठेवला. पण कायदा सरकारी पायऱ्यांवर "केंद्र, राज्य" करत बसणाऱ्याला कळत नाही. त्याला कलम दाखवावं लागतं. ठरावात कामाचं नाव, गट नंबर, क्षेत्रफळ आणि झाडांची संख्या लिहिलेली नसेल तर कागद परत येतो, हेही खरं.

तिसरा अर्ज माझ्या आजोबांचा. कसत असलेल्या जमिनीचा वनहक्क. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबतो.

कायदा संसदेचा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसतंय तिचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त चार हेक्टर. नियम केंद्राचे. दाव्याचा नमुनासुद्धा केंद्रानं छापलेला. आता राबवतं कोण? गावात वनहक्क समिती तपासते, ग्रामसभा ठराव करते. मग तालुक्याच्या पातळीवर प्रांताची उपविभागीय समिती. मग कलेक्टरची जिल्हा समिती. प्रांत, कलेक्टर, तलाठी सगळे राज्य सरकारची माणसं. जिल्हा समितीनं मंजूर केलं की जो पट्टा मिळतो, त्यावर खाली तीन सह्या असतात. वनअधिकारी, आदिवासी विकास विभागाचा अधिकारी आणि कलेक्टर. सह्यांच्या वर वाक्य असतं की आम्ही हा हक्क राज्य शासनाच्या वतीनं कायम करतो. घरी पट्टा असेल तर आज रात्री काढून बघा. कायदा दिल्लीचा, सही महाराष्ट्राची, आणि सुरुवात ग्रामसभेची. तिन्ही त्या एका कागदावर सापडतील.

म्हणून दावा अडकला तर मोर्चा कुठं न्यायचा, याचं उत्तर तो कुठं अडकला यावर आहे. चार हेक्टरची मर्यादा किंवा 2005 ची तारीख खटकते, तर ती कायद्यात आहे, खासदाराला धरा. मोजणी केली नाही, पुरावा बघितला नाही, नाकारल्याचं कारण लेखी दिलं नाही, तर ते राज्याच्या माणसांचं काम आहे. तिथं दिल्लीला निवेदन धाडून वर्ष वाया जातं. आमचं गेलंय.

13 फेब्रुवारी 2019 आठवतो का? तुम्ही लहान असाल. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांचे दावे नाकारले त्यांना काढा. तो आदेश कोणाला होता? राज्यांच्या मुख्य सचिवांना. कायदा केंद्राचा असून जबाब राज्यांना द्यावा लागला, कारण दावे नाकारणारे हात त्यांचे होते. 28 फेब्रुवारीला तो आदेश थांबवला आणि दावे कोणत्या पद्धतीनं नाकारले हे राज्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगावं असं न्यायालय म्हणालं.

आता शेवटचं, जे तुमच्या धड्यात नाही. घटनेची पाचवी अनुसूची. अनुसूचित क्षेत्रात राज्यपाल जाहीर करू शकतात की संसदेचा अमुक कायदा इथं लागू होणार नाही, किंवा थोडा बदलून लागू होईल. तिन्ही याद्यांच्या पलीकडचा हा अधिकार आहे. महाराष्ट्रात तो वापरलाय. वनहक्क कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता, वर अपील नव्हतं. 18 मे 2020 ला राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रापुरता तो बदलला. जिल्हा समितीनं नाकारलं तर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं जाता येतं.

यावर मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. "दादा, आमचं गाव भीमाशंकरकडं आहे, मग आम्हाला चालेल का?" मी विचारलं, तालुका कोणता? तो म्हणाला, खेड.

मला क्षणभर बोलवेना. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातल्या ठरलेल्या गावांत, 1985 च्या यादीप्रमाणं. खेड तालुका त्यात नाही. चाकणचे कारखाने ज्या तालुक्यात, त्याच तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात आपली माणसं, जंगल तेच, पण यादी वेगळी. मी त्याला खरं तेच सांगितलं. तुमच्या घरचा वनहक्काचा दावा चालणार, तो कायदा सगळीकडं आहे. अंगणवाडीचं कलमही चालणार. पण 2020 चं अपील तुमच्या गावाला लागू नाही, तिथं नाकारलेला दावा घेऊन उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि अनुसूचित क्षेत्राची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं बदलते, राज्यपालांशी विचारविनिमय करून. ती मागणी करायची तर पत्ता तिथला.

त्यानं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबांना नाकारल्याचा कागद आला होता का, हे आधी विचारू?" मी म्हटलं, हो, तेच आधी विचार. कागद असेल तर त्यावरची तारीख आणि कारण उतरवून आण. कागदच आला नसेल तर दावा नाकारला म्हणून सांगणाऱ्याकडं आधी तो लेखी माग.