फोटोवरून ओळखा: ओटीजी, मायक्रोवेव्ह की एअर फ्रायर?

आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण लागणार आहे तुमचा फोन. सेकंड हँड वस्तूंच्या ॲपवर ‘ओव्हन’ असं शोधलंत की तीन वेगवेगळी यंत्रं एकाच नावाखाली समोर येतात: ओटीजी, म्हणजे ओव्हन टोस्टर ग्रिलर, मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर. विकणारा बऱ्याचदा तिघांनाही ‘मायक्रोवेव्ह’च म्हणतो. तो फसवतोय असं नाही, त्याच्या घरात तोच शब्द चालत असतो. म्हणून नाव बाजूला ठेवायचं आणि फोटो वाचायचा.

हे का महत्त्वाचं? मायक्रोवेव्ह समजून तुम्ही प्लॅस्टिकचा डबा ओटीजीत ठेवलात, तर तो वितळून गरम रॉडवर पडेल. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी. आणि उलट, ओटीजी समजून स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलात, तर ठिणग्या उडू शकतात. भाजी तर धड गरम होतच नाही, कारण लहरी स्टीलवरून परत फिरतात.

मी फोटो बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या डब्यात उष्णता येते कुठून? ओटीजीत ती वरच्या आणि खालच्या तापलेल्या रॉडमधून येते. एअर फ्रायरमध्ये वर एक कॉइल असते आणि तिच्या डोक्यावरचा पंखा गरम हवा जोरात खाली फिरवतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये तापणारं असं काही दिसतच नाही. लहरी येतात आणि अन्न स्वतःच तापतं. आता हाच फरक फोटोत शोधायचा.

आधी समोरचा फोटो घेऊ. पुढे ओढायचा ड्रॉवर आणि त्याला जाडसर हँडल असेल, तर तो बास्केटवाला एअर फ्रायर. तिथे विषय संपला. पण समोर काचेचं दार असेल, तर ते कसं उघडतं ते बघा. ओटीजीचं दार सहसा खाली पडतं, म्हणून हँडल वरच्या कडेला आडवं असतं. घरगुती मायक्रोवेव्हचं दार बहुतेक वेळा डावीकडे, पुस्तकासारखं उघडतं. मग तिथे उभं हँडल असतं, नाहीतर पॅनेलच्या खाली दाबायचं बटण.

नुसते नॉब बघून मात्र ठरवू नका, कारण उजव्या बाजूला एकाखाली एक नॉब दोन्हीकडे असतात. झूम करून त्यांच्यावर काय छापलंय ते वाचा. 100 ते 250 असे अंश दिसले तर ते तापमान, म्हणजे ओटीजीची शक्यता जास्त. लो, मीडियम, हाय आणि डीफ्रॉस्ट असं काही असेल तर मायक्रोवेव्ह.

आता दाराची काच. मायक्रोवेव्हच्या काचेमागे बारीक भोकांचा धातूचा पत्रा असतो. या लहरींची लांबी साधारण 12 सेंटिमीटर असते आणि पत्र्याची भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. त्यामुळे प्रकाश बाहेर येतो, पण लहरी आतच राहतात. ओटीजीला अशी जाळी लागत नाही, त्याची काच आरपार असते.

इथे फोटोच्या दोन गमती आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक ठिपके सर्वांत आधी पुसले जातात. मग मायक्रोवेव्हची जाळी सपाट काळ्या काचेसारखी दिसते. आणि कधी कधी उलट होतं. जाळीची भोकं आणि कॅमेऱ्याचे पिक्सेल यांचा मेळ बसत नाही आणि फोटोत लाटांसारखे पट्टे उमटतात. पट्टे दिसले तर जाळी आहे हे जवळपास नक्की. काहीच दिसत नसेल, तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो मूळ आकारात येतो.

खरा निकाल लागतो आतल्या फोटोत. तो दार पूर्ण उघडून, फ्लॅश लावून काढलेला हवा. ओटीजीत वर आणि खाली रॉड दिसतात, बाजूच्या भिंतींवर जाळी किंवा ट्रे सरकवायच्या खाचा असतात. मायक्रोवेव्हच्या भिंती गुळगुळीत असतात, तळाला बहुतेकदा काचेची फिरती ताटली असते आणि दाराच्या कडेला दोन प्लॅस्टिकचे हूक असतात. आतल्या भिंतीवर, बहुधा उजवीकडे, पत्त्याच्या आकाराचा राखाडी-तपकिरी तुकडा दिसेल. तो पुठ्ठा नाही, अभ्रकाचा पत्रा आहे, त्याच्यामागून लहरी आत येतात. जुनं यंत्र घेताना तो नीट बघा. तो काळा, जळका दिसला तर आत ठिणग्या उडाल्या असण्याची शक्यता आहे.

आता एक खरं उदाहरण. हिंजवडीला फ्लॅट शेअर करणाऱ्या माझ्या मित्राने मला एक जाहिरात पाठवली: ‘कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, 28 लिटर’. त्याला फक्त ऑफिसमधून आल्यावर भाजी-पोळी गरम करायची होती. आतल्या फोटोत मागच्या भिंतीवर गोल जाळी आणि पंखा दिसत होता. तो म्हणाला, “पंखा आहे ना, मग कन्व्हेक्शनच की!”

पंखा होता हे बरोबर. पण कन्व्हेक्शन म्हणजे गरम हवा फिरवणं, आणि तसा पंखा ओटीजीतही मिळतो. म्हणून आम्ही पंखा सोडून बाकीचं बघितलं. समोर हँडल वर आणि आडवं. वरच्या नॉबवर 250 पर्यंत अंश. आत तळाला दोन रॉड, भिंतींवर खाचा, फिरती ताटली नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये ग्रिलची कॉइल छताला दिसू शकते, पण तळाला असे उघडे रॉड सहसा नसतात. शंका राहू नये म्हणून मागच्या लेबलचा फोटो मागवला. मायक्रोवेव्हच्या लेबलवर 2450 मेगाहर्ट्झ अशी वारंवारता असते. इथे फक्त व्होल्ट आणि वॅट होते.

म्हणजे तो ओटीजी होता. यंत्र चांगलं होतं, केक किंवा पिझ्झासाठी मस्त. पण भाजी गरम करायला आधी ओव्हन तापवा, मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. मित्राच्या कामाचं नव्हतं, त्याने सोडून दिलं.

सर्वांत जास्त गोंधळ काचेचं दार असलेल्या एअर फ्रायरमध्ये होतो. तो बाहेरून हुबेहूब छोट्या ओटीजीसारखा दिसतो. तिथे छताचा फोटो मागायचा, फोन आत घालून वर बघत काढलेला. गोल कॉइल आणि तिच्या वर पंखा, खाली रॉड नाहीत, तर एअर फ्रायर. वरही रॉड, खालीही रॉड आणि शिवाय पंखा, तर तो ‘एअर फ्राय’ मोड असलेला ओटीजी. अशी मिश्र यंत्रंही बाजारात आहेत, त्यामुळे बॉक्सवरचा एक शब्द पुरेसा नाही.

तर विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: बंद दाराचा समोरून, उघड्या दाराचा तळासकट, आतल्या छताचा आणि मागच्या लेबलचा. द्यायला तो का-कू करत असेल, तर पुढची जाहिरात बघा. चला, भेटू पुढच्या भागात!